व्यवसाय कर कापला, पण फॉर्म १६ मध्ये शून्य का?

सप्रेम नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीतील एका कंपनीत नोकरीला आहे. माझा एकूण पगार दरमहा ७१,००० रुपये असून २०२५-२६ या वर्षात पगारपत्रकातून व्यवसाय कराचे २,५०० रुपये कापले गेले. परंतु फॉर्म १६ मध्ये त्या रकान्यात शून्य आहे. माझी ८० सीखालील गुंतवणूक दीड लाखाची आणि आरोग्य विम्याचा हप्ता २५,००० रुपयांचा आहे. घर स्वतःचे असून त्यावर कर्ज नाही. सोबतचे एक जण म्हणतात की, जुनी करपद्धती घेतली नाही तर हे अडीच हजार बुडाले. दुसरे असे की, माझी पत्नी खासगी शाळेत आहे. तिचा पगार २४,८५० रुपये होता, तो जानेवारीपासून २५,६०० झाला. ऑक्टोबरमध्ये दिवाळी बोनसचे १२,००० रुपये मिळाले, त्या महिन्यात तिचे २०० रुपये कापले; पुढे दोन महिने काहीच नाही; मग जानेवारीत २००, फेब्रुवारीत ३०० आणि मार्चमध्ये २००. यात बरोबर काय आणि चूक काय?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

सप्रेम नमस्कार.

आपल्या फॉर्म १६ मधील शून्य ही कंपनीची चूक नाही. आपण वर्षाच्या सुरुवातीला जुन्या करपद्धतीची निवड कळवली नसावी, आणि तशी निवड न कळवणाऱ्या कर्मचाऱ्याचा प्राप्तिकर कंपनीला नव्या पद्धतीनेच मोजावा लागतो. नव्या पद्धतीत पगारातून प्रमाणित वजावट मिळते, व्यवसाय कराची वजावट मिळत नाही. म्हणून रक्कम आपल्या पगारातून खरोखर गेली, ती राज्य शासनाकडे भरण्यासाठीच गेली, आणि तरीही प्राप्तिकराच्या हिशेबात तिला जागा उरली नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

येथे दोन वेगवेगळे कायदे एकमेकांना स्पर्श करतात, म्हणून गोंधळ होतो. व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे. महाराष्ट्रात तो १९७५ च्या अधिनियमाखाली घेतला जातो आणि त्याचे काम राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे आहे. महानगरपालिकेच्या घरटॅक्सशी त्याचा संबंध नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने या कराला एका व्यक्तीमागे वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. दरमहा २०० रुपये घेतले तर वर्षाचे २,४०० होतात, आणि मर्यादेपर्यंत पोहोचण्यासाठी उरलेले १०० रुपये फेब्रुवारीच्या रकमेत मिळवले जातात. फेब्रुवारीच्या पगारपत्रकात ३०० दिसण्याचे कारण एवढेच आहे.

प्राप्तिकर हा केंद्राचा कर आहे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम १६ च्या तिसऱ्या खंडानुसार, कर्मचाऱ्याने भरलेला व्यवसाय कर पगाराच्या उत्पन्नातून वजा होतो. ही वजावट कोठे बसते, ते आपण फॉर्म १६ च्या भाग ‘ब’ मध्ये पाहू शकता. प्रथम एकूण पगार येतो, त्यातून घरभाडे भत्त्यासारखे करमुक्त भत्ते कमी होतात, आणि त्यानंतर कलम १६ च्या वजावटी येतात. तेथे प्रमाणित वजावटीच्या खाली "Tax on employment under section 16(iii)" अशी ओळ असते. आपल्याला शून्य दिसले ते याच ओळीत. ही ओळ ८० सीच्या बरीच वर आहे. म्हणजे व्यवसाय कर दीड लाखाच्या मर्यादेत मोडत नाही, तो त्याखेरीज स्वतंत्रपणे वजा होतो. परंतु तो वजा होतो उत्पन्नातून, करातून नव्हे. आपल्या सहकाऱ्यांचा हिशेब नेमका येथे चुकला आहे: जुन्या पद्धतीतही अडीच हजार रुपये परत मिळत नाहीत, तेवढ्या उत्पन्नावरचा कर तेवढा वाचतो.

आता आपलेच आकडे घेऊ. हिशेब नेहमी एकूण पगारापासून सुरू करावा, हातात पडणाऱ्या रकमेपासून करू नये. कारण हातात पडणाऱ्या रकमेतून भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर आधीच गेलेले असतात, आणि विवरणपत्र भरताना ते पुन्हा वजा केले तर तीच वजावट दोनदा घेतल्यासारखे होते. दरमहा ७१,००० म्हणजे वर्षाचे ८,५२,००० रुपये. जुन्या पद्धतीत यातून ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि २,५०० रुपयांचा व्यवसाय कर गेला की पगाराचे उत्पन्न ७,९९,५०० रुपये राहते. त्यातून ८० सीचे १,५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० वजा केल्यावर करपात्र उत्पन्न ६,२४,५०० रुपये होते. त्यावर पाच लाखांपर्यंतचा कर १२,५०० रुपये, वरच्या १,२४,५०० रुपयांवर वीस टक्क्यांनी २४,९०० रुपये, आणि एकूण ३७,४०० रुपयांवर चार टक्के उपकर, असे मिळून ३८,८९६ रुपये भरावे लागतील. व्यवसाय कराची वजावट विसरली असती तर हाच आकडा ३९,४१६ झाला असता. फरक ५२० रुपयांचा आहे. जुन्या पद्धतीत आपल्या अडीच हजारांची किंमत एवढीच.

नव्या पद्धतीत ८,५२,००० मधून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की ७,७७,००० रुपये उरतात. पहिल्या चार लाखांवर कर नाही आणि उरलेल्या ३,७७,००० रुपयांवर पाच टक्क्यांनी १८,८५० रुपये होतात. परंतु २०२५-२६ साठी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ अ ची सूट असल्याने तो संपूर्ण कर माफ होतो. अर्थात, ५२० रुपये वाचवण्यासाठी आपण जुन्या पद्धतीत गेलात तर शून्याऐवजी ३८,८९६ रुपये भरून याल. आपले सहकारी सद्भावनेनेच बोलले असतील, पण हा सल्ला घेऊ नये. फॉर्म १६ जसा आहे तसाच ठेवावा.

तरीही ज्यांना जुनी पद्धती खरोखर परवडते, असे वाचक आहेत. कोणाचा घरभाडे भत्ता मोठा असतो, कोणी गृहकर्जाचे दोन लाखांचे व्याज भरतो, आणि पगार बारा-तेरा लाखांच्या बराच पुढे असतो. अशा व्यक्तीला कंपनीने नव्या पद्धतीचा फॉर्म १६ दिला असला, तरी धंद्याचे उत्पन्न नसेल तर ती विवरणपत्र भरताना जुनी पद्धती निवडू शकते. मात्र ते विवरणपत्र मूळ मुदतीत, म्हणजे साध्या पगारदारासाठी सामान्यतः ३१ जुलैपर्यंत, दाखल झाले पाहिजे. या वेळी फॉर्म १६ मधील शून्य आपोआप विवरणपत्रात उतरते, आणि पुष्कळ जण ते तसेच राहू देतात. बारा महिन्यांची पगारपत्रके समोर ठेवून कापलेल्या व्यवसाय कराची बेरीज करावी आणि ती रक्कम तेथे स्वतः भरावी. पुढे विचारणा झाली तर पगारपत्रके हाच पुरावा असतो, म्हणून ती जपून ठेवावीत. वीस टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीचे यात उपकरासह ५२० रुपये वाचतात, तीस टक्क्यांच्या टप्प्यात ७८०.

बेरीज करण्यास सांगतो, कारण भरायचा आकडा दर वेळी २,५०० असतोच असे नाही. कलमात ‘भरलेली रक्कम’ असे म्हटले आहे, ‘देय रक्कम’ असे नाही. एखाद्या कार्यालयाने फेब्रुवारीत चुकून २०० रुपयेच कापले आणि राहिलेले १०० एप्रिलमध्ये वसूल केले, तर सरलेल्या वर्षासाठी २,४०० आणि नव्या वर्षासाठी, तेथे सारे वेळेवर कापले गेल्यास, २,६०० रुपयांची वजावट येते. दुसऱ्या वर्षाचा आकडा अडीच हजारांच्या वर गेला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. कमाल मर्यादा एका वर्षाच्या देय करावर आहे, मागची थकबाकी कोणत्या वर्षी भरली यावर नाही. तसेच जुलैत नोकरीला लागलेल्या व्यक्तीचा आकडा २,५०० पेक्षा कमीच असेल, आणि तिने अंदाजाने २,५०० भरणे ही चुकीची वजावट ठरेल.

काही ठिकाणी व्यवसाय कर कर्मचाऱ्याकडून न घेता कंपनी स्वतःच्या खिशातून भरते. तेथे ती रक्कम कर्मचाऱ्याला मिळालेला लाभ समजून आधी त्याच्या पगारात मिळवली जाते. जुन्या पद्धतीत ती मिळवली आणि मग वजा केली, म्हणून परिणाम शून्य होतो. नव्या पद्धतीत मात्र मिळवण्याची पायरी राहते आणि वजा करण्याची जाते, त्यामुळे कंपनीच्या या औदार्याने करपात्र पगार २,५०० रुपयांनी वाढतो. बहुतेकांच्या हे लक्षातही येत नाही.

वजावट नसल्याचा खरा चटका नव्या पद्धतीत बारा लाखांच्या उंबरठ्यावर बसतो. समजा, आपल्याच कंपनीतील एखाद्या वरिष्ठांचा पगार दरमहा १,०६,४०० रुपये आहे. वर्षाचे १२,७६,८०० रुपये होतात, आणि प्रमाणित वजावट जाऊन १२,०१,८०० रुपये उरतात. बारा लाखांच्या वर १,८०० रुपये गेल्याने पूर्ण सूट मिळत नाही. सुदैवाने कायद्यात सीमांत सवलत आहे, म्हणजे मर्यादेवर जेवढे उत्पन्न गेले त्यापेक्षा जास्त कर घेतला जात नाही; त्यामुळे साठ हजारांच्या घरातील कराऐवजी १,८०० रुपये आणि ७२ रुपये उपकर, असे सुमारे १,८७० रुपये भरावे लागतात. व्यवसाय कर वजा करता आला असता, तर उत्पन्न ११,९९,३०० वर येऊन करच लागला नसता. या कारणाने काही जण नव्या पद्धतीचे विवरणपत्र भरतानाही ती रक्कम वजा करू पाहतात; ती वजावट मान्य होत नाही आणि जितका कर आहे तितका भरावाच लागतो. अशा उंबरठ्यावरच्या व्यक्तीने पुढच्या वर्षासाठी कंपनीकडे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत कंपनीचे अंशदान घेण्याविषयी विचारावे, कारण ते अंशदान नव्या पद्धतीतही वजा होते.

जुन्या पद्धतीत असाच उंबरठा पाच लाखांचा आहे, आणि तेथे सीमांत सवलत नाही. दरमहा ६०,५०० रुपये पगार आणि आपल्याएवढीच गुंतवणूक असलेल्या व्यक्तीचे करपात्र उत्पन्न व्यवसाय कराविना ५,०१,००० रुपये होते आणि तिला १३,२०८ रुपये कर पडतो. व्यवसाय कर वजा केला की उत्पन्न ४,९८,५०० वर येते आणि कर शून्य होतो. जुनी पद्धती हाच एक पर्याय होता, तेव्हाच्या वर्षांत या एका ओळीची विसर फार महाग पडत असे. आज त्या व्यक्तीला नव्या पद्धतीतही शून्यच कर असल्याने, केवळ सवयीने जुनी पद्धती धरून बसणाऱ्यांनाच हा धोका उरला आहे.

आता आपल्या पत्नीच्या पगाराकडे वळतो. व्यवसाय कराचे टप्पे स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगळे आहेत. पुरुषाचा मासिक पगार ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर नाही, ७,५०१ ते १०,००० पर्यंत दरमहा १७५ रुपये, आणि त्यावर दरमहा २०० व फेब्रुवारीत ३००. स्त्रीसाठी पूर्वी दहा हजारांपर्यंत माफी होती. १ एप्रिल २०२३ पासून ती २५,००० रुपयांपर्यंत वाढली आहे, आणि त्यावर पगार गेला की थेट २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये. प्राप्तिकरासारखा हा टप्प्याटप्प्याने चढणारा कर नाही. पंचवीस हजारांच्या वर एक रुपया गेला तरी पूर्ण २०० रुपये लागतात, त्यामुळे २४,९०० वरून २५,०५० वर पगार नेणारी वाढ ही प्रत्यक्षात हातातली रक्कम ५० रुपयांनी घटवते. आपल्या पत्नीची वाढ ७५० रुपयांची असल्याने व्यवसाय कर जाऊनही ५५० रुपये उरतात, अर्थात त्यातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याहून कमी.

टप्पा ठरवताना दर महिन्याचा एकूण पगार पाहतात, वर्षाची सरासरी नाही. त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर आणि पुन्हा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काहीच न कापणे बरोबर, आणि जानेवारीपासून २००, ३०० व २०० असे ७०० रुपये कापणेही बरोबर. जानेवारीत सुरुवात झाली म्हणून फेब्रुवारीत २०० च घ्यावेत, असे होत नाही. ३०० हा त्या महिन्याचा दर आहे.

ऑक्टोबरचे २०० रुपये मात्र चुकीने गेले आहेत. अधिनियमातील पगाराच्या व्याख्येत मूळ वेतन, महागाई भत्ता आणि नियमितपणे मिळणारा इतर मोबदला येतो, पण बोनस कोणत्याही स्वरूपाचा आणि कोणत्याही कारणाने दिलेला असो, तो आणि उपदान हे दोन्ही स्पष्टपणे वगळले आहेत. बोनसचे १२,००० बाजूला काढले की ऑक्टोबरचा पगार २४,८५० रुपयेच राहतो, आणि त्यावर स्त्रीला कर नाही. वेतन मोजणाऱ्या संगणक प्रणालीत ‘बोनस’ हा घटक व्यवसाय करासाठी धरायचा नाही, अशी खूण केलेली नसली की हे घडते. आणि ज्या अर्थी तिच्या बाबतीत घडले, त्या अर्थी त्याच शाळेतील पंचवीस हजारांच्या आतल्या इतर शिक्षिकांच्या पगारपत्रकातही ऑक्टोबरमध्ये २०० रुपये कापलेले सापडण्याची बरीच शक्यता आहे. त्यांनी एकत्र मिळून विचारणे सोपे जाईल. पगारपत्रकात ती रक्कम खरोखर ‘बोनस’ या नावाने वेगळी दाखवली आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे; ती दरमहा मिळणाऱ्या एखाद्या भत्त्याच्या नावाखाली टाकली असेल, तर शाळेला ती पगार समजण्यास वाव मिळतो.

या २०० रुपयांसाठी आपण कोणत्याही सरकारी कचेरीत जाण्याची गरज नाही. कर कापण्याची आणि भरण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, इतकी की त्याने कापायचे विसरले तरी त्याला तो भरावाच लागतो. म्हणून दुरुस्तीही शाळेच्या कार्यालयातूनच व्हायला हवी. ऑक्टोबरचे पगारपत्रक आणि बोनसचा तपशील जोडून, जादा कापलेली रक्कम पुढील पगारात परत करावी, असा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्यावा. रक्कम लहान असल्याने कार्यालयात टाळाटाळ होईल, ते गृहीत धरावे. तरी अर्ज लेखी असावा आणि त्याची पोच घ्यावी, कारण पुढच्या दिवाळीत प्रणाली तीच राहिली असेल.

तिच्या प्राप्तिकरावर मात्र या रकमेचा काहीच परिणाम होत नाही. तिचा वर्षाचा पगार ३,००,४५० आणि बोनस धरून ३,१२,४५० रुपये होतो. बोनस व्यवसाय करासाठी पगार नसला तरी प्राप्तिकरासाठी तो पगारच आहे. एवढ्या उत्पन्नावर, दुसरे उत्पन्न नसेल तर, दोन्ही पद्धतींत कर शून्य आहे, मग व्यवसाय कराचे ७०० वजा केले काय किंवा ९०० केले काय. तिचा बँकेतील व्याजावर कर कापला गेला असेल आणि तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरायचे असेल, तर ते नव्या पद्धतीत भरावे आणि व्यवसाय कराचा रकाना रिकामा ठेवावा.